पाच नंबरचा गहू

जीप खालच्या केंद्राकडे निघाली तेव्हा सरासरीच्या बॅगेत दोन कोरे फॉर्म होते. एक हिरवा, एक गुलाबी. हिरव्यावर छापलं होतं ‘चाचणी ग्राह्य’, गुलाबीवर ‘चाचणी बाद’. कुठला भरायचा ते निघण्याआधीच ठरलं होतं, आणि तरीही दोन्ही बरोबर घ्यायचे, अशी खात्याची रीत होती.

सरासरी हे अर्थात त्याचं नाव नव्हे. तो गव्हाची नवी वाणं तयार करणारा शास्त्रज्ञ होता, तीस वर्षं एकाच संशोधन केंद्रात, एकाच खिडकीशेजारी. पूर्वी कधीतरी जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारलं, मुलांचा निकाल काय लागला. त्याचा मोठा वर्गात पहिला आला होता आणि धाकटा गणितात नापास. तो म्हणाला, “सरासरी बरा आहे.” त्या दिवसापासून शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांनी त्याचं बारसं करून टाकलं. धाकट्याने मात्र हे वाक्य अजून विसरलेलं नाही.

त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीचं एकच फळ होतं, ते म्हणजे हा गहू. दाणा टपोरा, फुटवे भरपूर, तांबेरा रोग येत नाही. गेली दोन वर्षं वरच्या सगळ्या केंद्रांवर तो पहिला येत होता. तिसऱ्या वर्षीही आला की उन्हाळ्यातल्या वार्षिक बैठकीत त्याला मान्यता मिळणार होती. मान्यता मिळाली की नाव. तोपर्यंत नुसता नंबर. सरासरीला निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि नाव त्याने मनात ठरवून ठेवलं होतं. बायकोचं. तिला सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगितलेली गोष्ट झाली नाही तर ती पुढची वीस वर्षं ऐकावी लागते.

आडवं येत होतं ते फक्त खालचं केंद्र. एकूण सहा ठिकाणी चाचणी व्हायची. त्यांतली पाच वर, पठारावर, जिथे हिवाळा लांब असतो, रस्ते चांगले असतात आणि साहेबलोकांचे बंगले असतात. सहावं खाली, सखल भागात. तिथे थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा घ्यायच्या आत निघून जाते. गहू पेरणारी निम्मी माणसं मात्र त्या खालच्या भागात राहत, आणि त्यांच्या वाट्याला सहांतलं एक केंद्र आलं होतं. खात्यात बदली ‘खाली’ झाली की लोक सांत्वनाला येत.

या खालच्या केंद्राचा निकाल दोन्ही वर्षं बाद ठरला होता. चाचणीत प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या वाफ्यांत पेरतात. एकाच वाणाचे तीन वाफे आपसात फारच भांडायला लागले, एकात भरपूर, एकात काहीच नाही, असं झालं की त्या शेतावर विश्वास ठेवता येत नाही. या भांडणाचा एक आकडा काढतात. तो वीसच्या वर गेला की चाचणी बाद. खालचा आकडा पहिल्या वर्षी सव्वीस होता, दुसऱ्या वर्षी तेवीस. मोठे साहेब, म्हणजे संचालक, दोन्ही वेळा म्हणाले, तिथली जमीनच तशी आहे, सोडून द्या. सरासरीने सोडून दिलं. बाद झालेल्या त्या आकड्यांत त्याचा गहू शेवटून तिसरा होता हे त्याने पाहिलं होतं. पण बाद म्हणजे बाद.

यंदा मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. दोघं एका वसतिगृहात राहिलेले, साहेब दोन वर्षांनी पुढे (निवृत्तीत मात्र मागे, संचालकांचं वय खात्यात उशिरा भरतं), त्यामुळे अरेतुरे एकाच बाजूने चालायचं.

“पाहणीला तूच जा,” साहेब म्हणाले. “तिथे केंद्रप्रमुख म्हणून जी नवीन बाई आलीय ती फार हट्टी आहे. या वेळी निकाल पाठवणारच म्हणते. जाऊन बघ, शेत कसं आहे ते. तुला काही ना काही सापडेलच.”

ज्याचं वाण चाचणीत आहे त्याने पाहणीला जाऊ नये, असा नियम आहे. पण चाचणीतली बाराही वाणं नुसत्या नंबरांनी पेरतात, कुठला नंबर कुणाचा याची यादी बंद पाकिटात असते, आणि नंबर दरवर्षी बदलतात. म्हणजे नियमाप्रमाणे सरासरीला आपला गहू कुठला हे माहीतच नव्हतं. म्हणून जायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात त्याचा गहू यंदा पाच नंबर होता, हे तो पेरणीनंतर पंचवीस दिवसांतच वरच्या शेतात ओळखून बसला होता.

बरोबर रोगतज्ज्ञ होता. हा माणूस पानाच्या खाली बघायचा, तांबेरा आहे की नाही ते लिहायचा आणि जीपमध्ये जाऊन झोपायचा. त्याच्या मते जगात दोनच प्रकारची शेतं असतात, तांबेऱ्याची आणि बिनतांबेऱ्याची.

खालच्या केंद्रावर बाई फाटकातच उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, डोक्यावर टॉवेल, हातात वही. नमस्कार झाला, पाणी झालं, आणि त्या सरळ शेताकडे चालू लागल्या. सरासरी मागोमाग गेला आणि बांधावर पोचताच थांबला.

इतकी सुरेख चाचणी त्याने तीस वर्षांत पाहिली नव्हती. जमीन सपाट, वाफे दोरीत, पाट्या रंगवलेल्या, वर पाखरांसाठी जाळी. मागची दोन वर्षं पेरलं त्या तुकड्याच्या मधोमध खारट पट्टा होता, तो टाकून बाईंनी पलीकडचं रान घेतलं होतं. पाणी मोजून दिलं होतं, तारखा लिहून ठेवल्या होत्या. तो चष्मा सावरत तण शोधत फिरला. तण नव्हतं. रिकामी जागा शोधली. नव्हती. शेवटी त्याने एक पाटी किंचित वाकडी असल्याचं दाखवून दिलं. बाईंनी ती सरळ केली आणि आभार मानले.

“हा बघा सर, नऊ नंबर,” त्या म्हणाल्या. “ही आपली जुनी बुटकीच असणार. दिसायला काही नाही. पण सत्तावन्न दिवसांत ओंबी बाहेर. आता कापायला तयार आहे.”

बुटकी म्हणजे तुलनेसाठी लावतात ते पंचवीस वर्षांपूर्वीचं जुनं वाण. खालच्या भागात सगळे तेच पेरत.

“आणि हा पाच नंबर,” बाई पुढे गेल्या, “हा कुणाचा आहे देव जाणे. पण ज्याने केला त्याने स्वेटर घालून केलाय.”

रोगतज्ज्ञ हसला. सरासरीही हसला, म्हणजे तोंड तरी तसं केलं. पाच नंबर बुडाशी अजून हिरवट होता. उंच, भरघोस, फुटव्यांनी गच्च, आणि ओंब्या वरून पांढुरक्या पडत चाललेल्या. घाईघाईत लग्न लावून दिलेल्या पोरासारखा चेहरा. त्याने एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. भुसा उडाला आणि हातात उरले ते दाणे सुरकुतलेले, चपटे, हलके होते. वरच्या शेतात याच ओंबीतून मोत्यासारखा दाणा पडतो. क्षणभर त्याला वाटलं, बियाण्याची पिशवी बदलली असेल. मग त्याने ओंबीचा तांबूस देठ पाहिला. पिशवी बदललेली नव्हती.

“तांबेरा नाही,” रोगतज्ज्ञाने जाहीर केलं आणि तो जीपकडे निघाला.

सरासरीने बाकीचे दोन वाफेही पाहिले. तिन्ही ठिकाणी पाच नंबर सारखाच होता, सारखाच हवालदिल. वाफे अजिबात भांडत नव्हते. तिघांचंही एकमत होतं.

संध्याकाळी त्याने साहेबांना फोन लावला आणि गुलाबी फॉर्म भरता येईल असं काही दिसत नाही, हे जरा फिरवून सांगितलं. साहेब म्हणाले, “दोन दिवसांनी कापणी आहे ना? थांब तिथे. कापणीत, मळणीत, वजनात कुठेतरी चूक होतेच. जीप मी पुढच्या केंद्राला पाठवतोय.” रोगतज्ज्ञ जीप घेऊन सकाळी निघून गेला. सरासरी राहिला.

केंद्राच्या विश्रामगृहात एकच खोली होती. खिडकी रंगाने कायमची चिकटलेली. पंख्याला एकच वेग, आणि तो वेग म्हणजे तक्रार. अकरा वाजता गरम वारा सुटायचा तो चारपर्यंत. वाऱ्याने दार आपटतं म्हणून चौकीदार बाहेरून कडी लावून जेवायला जात असे. आधीच्या सगळ्या पाहुण्यांनाही अशीच लावली होती आणि कुणाची तक्रार आली नव्हती, असं त्याने सांगितलं. तक्रार करायला ते बाहेर आले कधी, हा प्रश्न सरासरीने गिळला.

पहिल्या दुपारी तो बनियनवर पलंगाच्या कडेला बसून घामाचे थेंब मोजत होता. भिंतीवरचा तापमापक चौतीस दाखवत होता. या वेळी वरच्या केंद्रात तो खिडकीशेजारी स्वेटर घालून बसला असता. स्वेटर. त्याला ते वाक्य पुन्हा टोचलं.

मग त्याने बाईंकडून मागून आणलेली वही उघडली.

वही वाचायला अर्धा तास लागला आणि समजायला पाच मिनिटं. खाली बुटकी सत्तावन्न दिवसांत ओंबी काढते आणि साठाव्या दिवसापासून दाणा भरू लागते. गरम वारा सुटतो पंच्याऐंशीव्या दिवसाच्या सुमाराला. तोवर तिचं पोतं जवळपास भरलेलं असतं. पाच नंबर ओंबी काढतो त्र्याहत्तराव्या दिवशी, फुलोरा त्याहून पुढे. दाण्यात दूध नुकतं धरू लागतं आणि बाहेर भट्टी पेटते. उन्हात गहू भराभर पिकून मोकळा होतो, दाणा भरो न भरो. वर ज्या भरण्याला जवळजवळ चाळीस दिवस मिळतात त्याला इथे पंचवीस मिळाले होते.

आणि वरचं काय? तेही त्याला तोंडपाठ होतं. वर थंडी लांब, त्यामुळे पाच नंबर नव्वदाव्या दिवशी ओंबी काढतो आणि एकशे अडतिसाव्याला कापणीला येतो. आधी पुरेपूर वाढतो, फुटवे करतो, आणि मग निवांत दाणा भरतो. बुटकी एकशे बारा दिवसांतच गाशा गुंडाळते. थंडी शिल्लक असताना दुकान बंद. म्हणून ती वर हरते. ज्या गुणाने पाच नंबर वर जिंकत होता त्याच गुणाने तो खाली मरत होता. त्यात गव्हाचा दोष नव्हता आणि जमिनीचाही नव्हता. दोघांचं जमत नव्हतं इतकंच.

हे तो पुस्तकात शिकला होता. परीक्षेत लिहिलं होतं. नव्या मुलांना फळ्यावर शिकवलंही होतं, दोन रेघा एकमेकींना छेदतात ते चित्र काढून. पण चित्रातल्या खाली जाणाऱ्या रेघेला खोलीत कोंडून घातलेलं असतं, हे फळ्यावर दिसत नाही.

दुसऱ्या दुपारी, कडी लागल्यावर, त्याने वाफ्यांच्या कडेच्या ओळींतून काढलेले पाच नंबरचे दाणे एका ताटलीत मोजायला घेतले. हजार दाण्यांचं वजन काढायचं यंत्र केंद्रात होतं, पण त्याला हाताने मोजायचे होते. शंभर-शंभरचे ढीग. सातव्या ढिगापाशी त्याचा हात थांबला.

त्याला एक तारीख आठवली. वरच्या केंद्रात दरवर्षी हजारो झाडांतून चांगली निवडायची असतात. त्यासाठी त्याचा दिवस ठरलेला होता, ओंब्या भरण्याच्या महिन्यातला तिसरा सोमवार, कारण त्याच दिवशी संचालक शेतावर फेरी मारत आणि फोटो निघत. तोपर्यंत लवकर येणारी झाडं वाळून केविलवाणी झालेली असत. उशिरा येणारी हिरवीगार, भरात. तो रांगेतून चालत जायचा आणि देखण्या झाडांना लाल दोरा बांधायचा. पंधरा वर्षं. त्याला वाटत होतं तो उत्पादन निवडतोय. तो उशीर निवडत होता. एकाच शेतात, एकाच सोमवारी, फोटोसाठी.

हजार दाणे भरले एकोणतीस ग्रॅम. वर त्रेचाळीस भरतात.

कापणी झाली, मळणी झाली, वजनं झाली. सरासरी काट्याशेजारी उभा राहिला. काटा बरोबर होता, त्याने स्वतः वजनं ठेवून तपासला. हेक्टरी हिशेब केला तर बुटकी एकतीस क्विंटल आणि पाच नंबर बावीस. भांडणाचा आकडा नऊ. वीसपर्यंत चालतो तिथे नऊ.

बाई वही मिटून म्हणाल्या, “सर, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा.”

“तुम्ही त्या दिवशी बारा वाणं बघितलीत. अकरा वाणांपाशी एकेकदा थांबलात. पाचपाशी तीनदा.”

त्याने काट्यावरची वजनं खोक्यात ठेवली. वारा सुटायची वेळ झाली होती.

“मी बोलले ते वाईट बोलले,” बाई म्हणाल्या. “वर फार चांगला असेल तो. दिसतंच आहे, जातिवंत आहे. पण हा सगळीकडे द्यायचा ठरला तर खाली बुटकीचं बियाणं बंद करतील. साहेबांचं ते ‘एक विभाग, एक वाण’ धोरण आहे ना. मग इथल्या माणसाने पेरायचं काय?”

“सहा ठिकाणची सरासरी काढतात, मॅडम,” तो म्हणाला. जीभ आपोआप वळली. “एका ठिकाणच्या निकालाने तसा फरक पडत नाही.”

“सहा ठिकाणी शेत असलेला एक शेतकरी दाखवा मला,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांचं शेत एकाच ठिकाणी असतं.”

सरासरी खोलीत परतला आणि त्याने बॅग उघडली. गुलाबी फॉर्म वर होता. तो त्याने चार घड्या करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातला आणि टेबल स्थिर झाल्यावर त्यावर हिरवा भरला. ‘चाचणी ग्राह्य. दर्जा उत्तम.’ सही करताना बायकोचं नाव डोळ्यांपुढून जाताना त्याला स्पष्ट दिसलं.

आपण केवढा त्याग केला असं त्याला परतीच्या एसटीत वाटत होतं. हे समाधान दोन महिने टिकलं, म्हणजे वरच्या कापण्या होऊन बैठकीची तारीख येईपर्यंत.

बैठकीचा हॉल थंड होता. खालच्या केंद्राच्या बाई शेवटच्या रांगेत, शाल घेऊन. पडद्यावर सहाही केंद्रांचे आकडे आले. वरच्या पाच ठिकाणी पाच नंबरची सरासरी पंचावन्न आणि बुटकीची पंचेचाळीस. खाली बावीस आणि एकतीस. मग सहांची मिळून सरासरी. पाच नंबर साडेएकोणपन्नास, बुटकी त्रेचाळीससुद्धा नाही. पाच नंबर पहिला.

मोठे साहेब त्याच्याकडे वाकून पुटपुटले, “अरे, एवढंच होतं तर उगाच घाबरलो आपण. येऊ दे की खालचा निकाल. उलट बरं दिसतं.”

सरासरी पडद्याकडे बघत राहिला. तो खालचा निकाल जीव मुठीत धरून आत घेऊन आला होता, आणि तो आत येऊन इतर पाचांच्या पोटात विरघळून गेला होता. पहिला आलेला मोठा मुलगा आणि गणितात नापास झालेला धाकटा. सरासरी बरा आहे.

पाकीट फोडलं गेलं. पाच नंबर कुणाचा ते वाचलं गेलं. टाळ्या झाल्या. रोगतज्ज्ञाने पाठ थोपटली आणि तांबेरा नाही हे पुन्हा सांगितलं. कुणीतरी पुष्पगुच्छ आणला, आणि साहेबांनी शिफारशीचा छापील कागद पुढे सरकवला. त्यावर एकच चौकट होती. ‘संपूर्ण विभागासाठी शिफारस’. खाली वाण तयार करणाऱ्याची सही.

“साहेब,” सरासरी म्हणाला, “ही फक्त वरच्या भागासाठी करता येईल का?”

“तशी चौकट नाही,” साहेब म्हणाले. “यंदापासून एक विभाग, एक वाण. तुला माहीत आहे.”

“खाली हा नऊ क्विंटलने हरतो.”

“सरासरीत जिंकतो. तूच आयुष्यभर सांगत आलास.”

हॉलमध्ये हशा पिकला. तो मनापासूनचा, प्रेमाचा हशा होता, आणि त्यामुळे तिथून सुटायला जागा नव्हती. रागावलेल्या माणसांना उत्तर देता येतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय देणार? हातात पुष्पगुच्छ, पुढे कागद, मागे शाल पांघरलेल्या बाई, उजवीकडे दार. दाराला कडी नव्हती. त्या विश्रामगृहातली कडी निदान दिसत तरी होती, असं त्याच्या मनात आलं.

त्याने गुच्छ टेबलावर ठेवला, पेन उघडलं आणि चौकटीच्या बाहेर, मोकळ्या समासात, लिहिलं: ‘फक्त लांब थंडीच्या वरच्या भागासाठी. खालच्या उष्ण भागात पेरू नये. तिथे बुटकीचं बियाणं चालू ठेवावं.’ आणि सही केली.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“हा कागद अपूर्ण ठरेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुढल्या वर्षी नव्याने यावं लागेल. तू तेव्हा नसशील.”

“हो.”

“वेड लागलंय तुला.”

“ऊन लागलं असेल,” सरासरी म्हणाला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, नावासकट. तीस वर्षांत प्रथमच तिने भाजी चिरायची थांबवून त्याचं वैज्ञानिक बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे मला नाव देणार होतात त्या गव्हाला,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि खाली तो असा सुरकुतून पडला असता.”

“हो.”

“मग तिकडच्या बायका चूल पेटवताना माझ्या नावाने खडे फोडत बसल्या असत्या. बरं केलंत.” तिने सुरी पुन्हा उचलली. “नाहीतरी तुम्ही मला विचारलं कुठे होतं?”

महिन्याभरात बदलीचा आदेश आला. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांसाठी, खालच्या केंद्रावर. अनुभवी शास्त्रज्ञाची तिथे नितांत गरज आहे, असं साहेबांनी लिहिलं होतं. लोक सांत्वनाला आले.

खिडकी अजून चिकटलेलीच होती. चौकीदाराने ओळख दाखवली आणि अकराच्या सुमाराला नेमाने कडी लावून जाऊ लागला. सरासरीला तिथलं ऊन मानवलं नाही. पहिल्या महिन्यात चार किलो उतरला, अंगावर घामोळं आलं, दुपारचं काही सुचेना. केंद्रातल्या लोकांनी त्याचं जुनं नाव ऐकलं होतं, पण वापरलं नाही. ते त्याला आपसात पाच नंबर म्हणत. त्याने ते ऐकलं होतं आणि त्यात खोडून काढण्यासारखं काही त्याला सापडलं नाही.

कडी लागलेल्या त्या दुपारींत त्याने एक काम केलं. वरून येताना त्याने एक पिशवी आणली होती. चार वर्षांपूर्वी सहज म्हणून त्याने पाच नंबर आणि बुटकीचा संकर केला होता. वरच्या शेतात दरवर्षी त्याच्या पुढच्या पिढीची झाडं उगवली, आणि तिसऱ्या सोमवारी त्यांतली लवकर वाळलेली त्याने नेहमीप्रमाणे सोडून दिली. त्यांचं बी शिपायाने केराऐवजी चुकून कपाटात ठेवलं होतं. शिपायाची ही हलगर्जी खात्याच्या नजरेतून सुटली होती. सरासरी पलंगावर बसून ते बी ओळीओळींच्या पाकिटांत भरत राहिला. दोनशे चाळीस पाकिटं.

पेरणी झाली त्या आठवड्यात तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी बाई आणि तो बांधावर उभे होते. समोर ओली, काळी, रिकामी जमीन. उगवायला अजून चार दिवस होते आणि त्याची गाडी दुपारची होती.

“निवड कधी करायची, सर?” बाईंनी वही उघडून विचारलं. “तिसरा सोमवार?”

“नाही,” तो म्हणाला. “सोमवार लिहू नका. दिवस मोजा. साठाव्या दिवशी एकदा जा, ओंबी काढून बसलेली असतील त्यांना दोरा बांधा. मग वारा सुटल्यावर पुन्हा जा, आणि दोरा बांधलेल्यांतल्या ओंब्या चोळून बघा. लांबून बघून ठरवू नका. लांबून सगळीच बरी दिसतात.”

बाईंनी लिहून घेतलं.

“आणि निवडलेल्यांचं निम्मं बी वरही पेरायला पाठवा,” तो म्हणाला. “तिथे ती हरतील कदाचित. हरली तर हरली म्हणून लिहा. दोन्हींची बेरीज कुणाला करू देऊ नका.”

तो खोलीत बॅग घ्यायला गेला. अकरा वाजून गेले होते. बॅग भरून होईपर्यंत बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला आणि चौकीदाराच्या चपला जेवणघराकडे वाजत गेल्या. गाडी दीडची होती. सरासरीने एकदा हाक मारली. मग पलंगावर बसला, घड्याळ काढून समोर ठेवलं, आणि टेबलाच्या पायाखालचा गुलाबी कागद अजून तिथेच आहे का, ते वाकून पाहिलं. तिथेच होता. टेबल हलत नव्हतं.